फिनेल, ब्लीच की फ्लोअर क्लीनर: आमच्याकडे निवाडा बोअरच्या पाण्याने केला

लातुरात माझं छोटं वसतिगृह आहे. क्लासला आलेली सव्वीस पोरं, चार संडास, चार न्हाणीघरं, आणि पाणी बोअरचं. नळाचं पाणी प्यायला राखून ठेवायचं, हा इथला रिवाज तुम्हाला माहीतच असेल. फरशीला काय वापरावं हे विचारणारे बहुतेक जण जंतूंपासून सुरुवात करतात. मी बादलीपासून करतो.

काळं फिनेल पाण्यात टाकलं की पाणी दुधासारखं पांढरं व्हायला पाहिजे. त्यातलं डांबरापासून काढलेलं तेल साबणाच्या आधाराने पाण्यात बारीक थेंबांत पसरतं, म्हणून तो रंग येतो. आमच्या बोअरच्या पाण्यात मात्र ते फाटायचं. दोन मिनिटांत वर तपकिरी तेलकट साय, बादलीच्या कडेला चिकट कणी आणि मधे गढूळ पाणी. जड पाण्यातला कॅल्शियम त्या साबणाला धरतो, साबण साक्यासारखा खाली बसतो आणि तेल सुटं होतं. मग पोछा एका जागी नुसतं तेल लावतो, दुसऱ्या जागी नुसतं पाणी. वास सगळीकडे सारखाच, त्यामुळे काम झालं असं वाटतं. फरशीवर अनवाणी पाय चिकटायला लागले तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. खरं सांगायचं तर फिनेलचं आणि माझं तिथेच बिनसलं.

तरी फिनेलला नाव ठेवणार नाही. चांगल्या प्रतीचं काळं फिनेल जिवाणूंना मारतं, आणि शेणामातीची घाण असली तरी त्याचा जोर फारसा कमी होत नाही. आमच्या औशाकडच्या गोठ्यात आजही तेच लागतं. तिथल्या विहिरीचं पाणी बोअरइतकं जड नाही, फाटत नाही. जुलाब-उलट्यांच्या काही विषाणूंवर मात्र त्याच्यावर भरवसा ठेवू नये. हातगाडीवर कोल्ड्रिंकच्या बाटलीत सुटं मिळतं ते पांढरं फिनेल बहुतेक वासापुरतंच असावं, असा माझा अनुभव. शिवाय ती बाटली एखाद्या लेकराने तोंडाला लावली तर? मी घेणं सोडलं.

ब्लीचची गोष्ट वेगळी. मारण्याच्या बाबतीत तिघांत तेच वरचढ: जिवाणू, बुरशी, जुलाबाचे चिवट विषाणू, सगळ्यांवर चालतं. पावडर असो, गावाकडे ग्रामपंचायत टीसीएल म्हणते तीच, किंवा बाटलीतलं पातळ, काम क्लोरीनचंच. पण घाणीपुढे ते लवकर दमतं. एका पोराला रात्री उलट्या झाल्या तेव्हा आम्ही आधी हातमोजे घालून सगळं कागदाने उचललं, साबणाने पुसलं, आणि मग पाच टक्क्यांचं पातळ ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग असं करून फरशी दहा मिनिटं ओली ठेवली. रोजच्या पुसण्याला इतकं कडक लागत नाही. लिटरभर पाण्यात वीस मिलिलिटर पुरतं. कालवलेलं उद्यासाठी ठेवू नये, त्याचा जोर उतरतो. पावडरही तशीच. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं पोतं पुढच्या हंगामापर्यंत नुसता चुनाच उरतं.

मग ब्लीचच का नाही धरलं? पुन्हा बोअर आडवा आला.

जड पाण्याने न्हाणीघराच्या टाइल्सवर पांढरा थर चढतो. तो ब्रशने हटत नाही, ॲसिडनेच जातो. म्हणजे ज्या घरात बोअर आहे, त्या घरात ॲसिडचा कॅन असतोच. (शहाबादी फरशीवर मात्र चुकूनही टाकू नका. ती चुनखडीचीच, ॲसिड पडलं की फसफसून खड्डे पडतात.) एका रविवारी आमच्या कामाच्या मावशींनी कोपऱ्यातल्या थरावर ॲसिड ओतलं, थोडं घासलं, आणि लवकर उजळावं म्हणून त्यावरच मूठभर टीसीएल टाकली. दार वाऱ्याने लोटलं गेलेलं. त्या खाली बसून घासत होत्या, आणि क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, खालीच साचतो. मी खोकला ऐकून गेलो तर त्या दाराशी येऊन बसलेल्या, डोळ्यांतून पाणी.

"दादा, घशात आग व्हायलीय, श्वासच घेता येईना."

नशीब, त्या स्वतःहून बाहेर आल्या. आम्ही त्यांना अंगणात मोकळ्या हवेत बसवलं, डोळे भरपूर पाण्याने धुतले, जिना आणि खालची दारं उघडली आणि त्या न्हाणीघरात कुणालाच जाऊ दिलं नाही. आत जाऊन पाणी ओतून धुवायचा मोह होतो, पण श्वास रोखून शिरणारा माणूस दुसरा रोगी होतो. संध्याकाळपर्यंत खोकला थांबेना म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं, कारण असा वायू ओढल्यावर फुफ्फुसात पाणी काही तासांनीही भरू शकतं. दुसऱ्या दिवशी त्या बऱ्या झाल्या, पण आठवडाभर जिना चढताना थांबत होत्या.

संडास धुण्याच्या निळ्या बाटलीतही बहुतेक वेळा ॲसिडच असतं, तेव्हा तिच्यावर ब्लीच टाकणं म्हणजे तोच प्रकार. मुतारीचा उग्र वास मारायला सुकलेल्या लघवीवर थेट ब्लीच टाकणंही वाईट. त्यातल्या अमोनियामुळे क्लोरामाइन तयार होतो, तोही छातीला लागतो. आधी पाण्याने चांगलं धुवा, मग टाका. ब्लीच आणि फिनेल एकत्र केलं तर औषधासारखा घाण वास मारणारी, त्रासदायक रसायनं होतात आणि दोघांचीही ताकद वाया जाते.

म्हणून रोजच्या फरशीला मी जंतुनाशक फ्लोअर क्लीनरवर आलो, बेन्झाल्कोनियम क्लोराईडवाला. तो नेहमीचे जिवाणू आणि फ्लूसारखे विषाणू मारतो. जुलाबाच्या चिवट विषाणूंपुढे कच्चा पडतो. जड पाण्यात त्याचीही ताकद थोडी कमी होत असणार, पण फिनेलसारखा फाटत नाही, पाय चिकटत नाहीत. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. बादलीत एक झाकण टाकलं की जंतू मेले असं नाही; माझ्या बाटलीवर जंतू मारायला बरंच कडक प्रमाण आणि दहा मिनिटं ओलं ठेवायला सांगितलंय. आणि आधी कपड्याच्या पावडरने फरशी घासली असेल तर ती पाण्याने नीट काढा, कारण साबण आणि हा क्लीनर एकमेकांना मारून टाकतात. फिनेलमध्येही साबण असतो, म्हणून "दोन्ही थोडं थोडं" टाकणाऱ्याला हाती काहीच लागत नाही.

किमतीत क्लीनर महाग पडतो, नाही म्हणत नाही. गावाकडे गोड्या पाण्याची सोय असेल तर फिनेल वाईट नाही, आणि घरात उलट्या-जुलाब सुरू असतील तर मीही त्या दिवशी ब्लीचच घेतो. पण बोअरचं पाणी असेल तर निदान मला तरी दुसरं काही सुचत नाही.

आता मावशींच्या हातात फक्त क्लीनर आणि ब्रश. ॲसिडचा कॅन गच्चीच्या खोलीत, टाइल्सचा थर काढायचा बुधवारी, माझ्यासमोर, आणि त्यानंतर दोन बादल्या पाणी. ब्लीच ऑफिसच्या कपाटात, कुलपात. दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात होत्या, परवाच वेगळ्या केल्या.