स्क्रीनवर 3000 W दिसलं आणि बाबांनी शेवटचा हप्ता दिला

गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी गेल्या वर्षी सोलर बसवलं. करार ३.३ किलोवॉटचा होता: ३३० वॉटची दहा पॅनल आणि ३ किलोवॉटचा इन्व्हर्टर. बाबा व्यवहाराला चोख, म्हणून शेवटचे चाळीस हजार त्यांनी अडवून ठेवले होते. अट लेखी घेतली होती, ‘मशीनवर ३ किलोवॉट दाखवल्यावर पैसे मिळतील.’ ऐकायला पक्की वाटणारी ही अटच विक्रेत्याच्या पथ्यावर पडली. मी चिपळूणला इलेक्ट्रिकलच्या देखभालीचं काम करतो आणि हीच अट इतरांच्या करारांतही बघतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मे महिन्यात आकाश निरभ्र होतं तेव्हा विक्रेत्याने चाचणी टाळली. कधी मीटरचं काम व्हायचंय, कधी माणूस गावाला गेलाय. उगवला तो थेट श्रावणात. नुकतीच एक सर पडून गेली होती, ढग फुटायला लागले होते. पडवीत इन्व्हर्टरसमोर खुर्ची टाकून बसला, चहा घेतला, मध्येमध्ये अंगणात जाऊन आभाळाकडे बघून येत होता. स्क्रीनवर सहाशे-सातशे वॉट. बाबा म्हणाले, “हे काय तीन नाही.” तो म्हणाला, “काका, जरा ऊन तर येऊ दे.”

ढगाची कड सरकली आणि आकडा झरझर चढला. एकोणीसशे, अठ्ठावीसशे, आणि मग 3000 W वर जाऊन थांबला. “बघा काका, बरोब्बर तीन.” त्याने बाबांना बाजूला उभं करून स्क्रीनसकट फोटो काढला, त्यावर तारीख-वेळ आली, आणि बाबांनी पैसे पाठवले. मिनिटाभरात पुन्हा सावली पडली, पण तेव्हा कोण बघतंय!

यात मशीनला काही केलेलं नव्हतं. आकडा खरा होता.

पॅनलवर लिहिलेले वॉट हे प्रयोगशाळेतल्या ठरावीक परिस्थितीतले असतात: दर चौरस मीटरवर १००० वॉट प्रकाश आणि पॅनलच्या आतल्या सेलचं तापमान २५ अंश. कोकणात छपरावर पॅनल २५ अंशाला क्वचितच असतं, त्यामुळे एरवी आकडा लिहिल्यापेक्षा कमीच दिसतो. पण फुटलेल्या पांढऱ्या ढगांच्या मधून सूर्य डोकावतो तेव्हा गणित उलटतं. थेट ऊन पूर्ण मिळतंच, शिवाय ढगाची पातळ कड आपल्यावर पडणारा उजेड खाली पुढच्या दिशेला पसरवते आणि आजूबाजूच्या ढगांच्या उजळ बाजूंकडूनही प्रकाश येतो. ही सगळी बेरीज काही सेकंद, कधी काही मिनिटं, १२०० ते १३०० वॉटपर्यंत आणि कधी त्याहूनही वर जाते. वातावरणाच्या बाहेर उन्हाची तीव्रता साधारण १३६१ वॉट असते. जमिनीवर क्षणभर त्यालाही मागे टाकणाऱ्या नोंदी झालेल्या आहेत.

त्यात आमच्याकडे ऑगस्टच्या सुरुवातीला दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, पावसाने हवा धुतलेली असते, काच स्वच्छ असते आणि सावलीत पॅनल गार पडलेलं असतं. त्या माणसाने मुहूर्त बघूनच फेरी मारली होती.

नवरात्रानंतर आकाश मोकळं झालं, तेव्हा बाबांचा फोन आला की भर दुपारी दोन हजाराच्या वर काटा जात नाही. विक्रेता म्हणे, “ऑक्टोबर हीट आहे, पॅनल तापतं.” हे अर्धं खरं आहे. तापल्यावर पॅनलची ताकद घटते, पण किती, ते मोजता येतं. निरभ्र दुपारी ९०० वॉट ऊन आणि पॅनल ६० अंशाला धरलं, तारांचं आणि इन्व्हर्टरचं नुकसान वजा केलं, तरी ३.३ किलोवॉटच्या पॅनलनी २.४ च्या आसपास द्यायला हवं. आमच्याकडे १.९ येत होतं. हा फरक उन्हाने पडत नाही.

मी स्लॅबवर चढलो. मागच्या स्टिकरवर ३३० छापलेलं होतं. पण पुढून सेल निळसर, चौकोनी आणि आत चुरा गोठवल्यासारखे ठिपकेदार. ३३० वॉटची त्या मापाची पॅनल मोनोची, म्हणजे काळपट, एकसारख्या रंगाची असतात. दहापैकी एका पॅनलच्या स्टिकरचा कोपरा खाऱ्या हवेने सुटला होता. नखाने उचलला तर खाली दुसरं स्टिकर. काचेच्या आत बसवलेला सीरियल नंबर मात्र त्याला बदलता आला नव्हता. तो नंबर पॅनल बनवणाऱ्या कंपनीला पाठवला. उत्तर आलं: २६५ वॉट. म्हणजे बिल ३.३ किलोवॉटचं आणि माल २.६५ चा.

आता श्रावणातल्या त्या तीन हजारांचा हिशेब करू. ऊन १००० ऐवजी १३०० वॉट धरलं, म्हणजे २.६५ ला १.३ ने गुणलं, की साधारण ३.४५. गार पडलेल्या पॅनलला तापमानाची सहा टक्के घट धरली तर ३.२४, तारा आणि इन्व्हर्टर मिळून पाच टक्के धरले तर ३.०८. म्हणजे कमी प्रतीचा मालही त्या मिनिटाला तीनच्या वर पोचला. आणि स्क्रीनवर ३.०८ न दिसता बरोब्बर तीन का दिसलं, तर आमच्या इन्व्हर्टरची मर्यादाच ३ किलोवॉट आहे. खरी ३३० ची पॅनल असती तर त्या उन्हात पावणेचार-चारपर्यंत गेली असती, पण स्क्रीनवर तेव्हाही तीनच दिसलं असतं. तो फोटो आमच्या पॅनलबद्दल काहीच सांगत नव्हता. इन्व्हर्टर तीनचा आहे एवढंच सांगत होता.

बाबांना नंतर धास्ती वाटायला लागली की असं जास्तीचं आल्यावर मशीन जळेल का. नाही जळत. पॅनलकडून जास्तीत जास्त वॉट मिळतील असा व्होल्टेज इन्व्हर्टर सतत शोधत असतो. मर्यादा गाठली की तो मुद्दाम त्या बिंदूपासून सरकतो, व्होल्टेज थोडा वर नेतो, म्हणजे पॅनल करंटच कमी सोडतं. उरलेल्या उन्हाची वीज होतच नाही. ते पॅनलमध्येच उष्णता म्हणून जातं. जास्त उन्हाने पॅनलचा करंट त्या प्रमाणात वाढतो, व्होल्टेज फारसा वाढत नाही, म्हणून तारा आणि फ्यूज निवडताना करंटला पंचवीस टक्के तरी जागा ठेवायची पद्धत आहे. ती ठेवली असेल तर काळजी नको.

क्षणाचा आकडा सोडून युनिट बघा. ढग नसलेल्या दुपारी साडेअकराला इन्व्हर्टरवरची आजची युनिटं लिहून घ्या, साडेबाराला पुन्हा लिहा. ३.३ किलोवॉटला त्या तासात सव्वादोन-अडीच युनिटं पडायला हवीत. ढगाच्या कडेचं एखादं मिनिट पूर्ण तीन किलोवॉटने चाललं तरी युनिटात भर पडते ०.०५ ची, त्यामुळे तिथे चलाखी चालत नाही. आणि पॅनल वर चढण्याआधी, अंगणात उभी असतानाच, प्रत्येकाच्या काचेआतल्या सीरियल नंबरचा फोटो घेऊन तो बिलावर उतरवून घ्या.

विक्रेत्याने आधी “काका, तुम्ही स्वतः फोटोत आहात” असं ऐकवलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आणि कंपनीचं उत्तर त्याला पाठवलं, तेव्हा तो फरकाचे पैसे द्यायला तयार झाला. अर्धे आले आहेत. उरलेल्यांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे, आणि त्याने तिथेही पुरावा म्हणून श्रावणातला तोच फोटो जोडला आहे.