फोटोतली स्क्रीन अरबीत आणायची: खोडून लिहायचं की पुन्हा फोटो काढायचा?

हातात धरलेला फोन, त्यावर ॲपचं लॉगिनचं पान, असा फोटो माहितीपुस्तिकेत आहे आणि ती पुस्तिका आता अरबीत हवी आहे. फोटोतली इंग्रजी अक्षरं खोडून अरबी बसवता येतील, नाहीतर फोनची भाषा अरबी करून फोटो नव्याने काढता येईल. खोडून लिहिणं स्वस्त वाटतं, म्हणून आधी त्याचंच बघू.

बटणावर `Sign in` आहे, मधली जागा धरून सात अक्षरं. अरबीत तेच تسجيل الدخول (तस्जील अद्-दुखूल), म्हणजे बारा. जागेत मावावं म्हणून अक्षरं बारीक केली की नुक्ते पुसट होतात. ج आणि خ यांत फरक फक्त नुक्त्याच्या जागेचा आहे, तो गेला की दोन्ही ح सारखी दिसतात. मग नुसतं دخول लिहायचा मोह होतो. तो टाळाच, कारण वाचणारा फोनवर तोच शब्द शोधतो आणि ॲपमध्ये पूर्ण शब्द असतो.

`Save` ची अडचण उलटी. حفظ (हिफ्झ) तीनच अक्षरांचा, बटण रिकामं वाटतं. म्हणून अक्षरांत अंतर टाकलं की जोडलेली लिपी तुटते, आपल्याकडे शिरोरेषा तुटावी तशी. शब्द मधोमध ठेवा, बाजूची जागा मोकळी राहू द्या. फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरला अरबी जमत नसेल, तर ते अंतर न टाकताही अक्षरं सुटी आणि उलट्या क्रमाने लावतं. ظ ف ح असं दिसलं की समजा, बिघडलं.

शब्द बसले तरी दिशा उरतेच. अरबी उजवीकडून डावीकडे, म्हणजे RTL, चालते आणि पानाची मांडणीही तशीच उलटते. मागे जायचा बाण उजवीकडे जातो आणि उजवीकडेच तोंड करतो, शेजारची बटणं जागा बदलतात. अख्खा फोटो आरशासारखा उलटवला तर हात, लोगो, आकडे सगळंच उलटं होतं. म्हणजे एकेक तुकडा हलवत बसायचं. तोवर नवा फोटो काढून झाला असता.

म्हणून ॲपमध्ये अरबी असेल तर मी पुन्हा फोटो काढण्याच्याच बाजूने आहे. प्रकाश आणि खात्यातली नमुना माहिती पहिल्यासारखी जुळवायला वेळ जातो, तेवढंच. अँड्रॉइडवर आधी ॲप बनवणाऱ्याला एवढं विचारा, ॲपची मूळ माहिती सांगणाऱ्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये हे आहे ना:

```
android:supportsRtl="true"
```

नसेल तर भाषा बदलूनही बाण डावीकडेच राहील. भाषांतर हाती येण्याआधी मांडणी तपासायची असेल, तर डेव्हलपर पर्यायांत `Force RTL layout direction` चालू करा. शब्द इंग्रजीच राहतील, पण पान उलटलेलं दिसेल.

ॲप अरबीत नाहीच, तर दोन्ही वाटा सोडा. इंग्रजी फोटो तसाच ठेवा, बटणांवर क्रमांकाचे गोल काढा आणि अर्थ खाली अरबीत लिहा. त्या वाचकाला फोनवर इंग्रजीच दिसणार आहे.