एक औंस म्हणजे किती मिली: ३०, २९.५७, २८.४ की २५?

परदेशी रेसिपी समोर असते, त्यात सगळं औंसात लिहिलेलं, आणि आपल्याकडे पेग मेजर ३० आणि ६० चं. गुगलला विचारलं तर तो २९.५७३५ सांगतो. इंग्लंडात राहणारा चुलतभाऊ म्हणतो, आमचा औंस २८.४ चा. लंडनच्या पबात पेग २५ चा मिळतो असंही कुणीतरी ऐकवतं. साताऱ्यात घरी दहा माणसं जेवायला बोलावली असतील तर यातला नेमका कोणता आकडा धरायचा?

माझं मत आधीच सांगतो. ३० धरा. पण ३० का चालतो हे कळलं नाही तर तो कुठे चालत नाही हेही कळणार नाही, म्हणून चारही आकडे एकाच पेयावर लावून बघू. डाकिरी घेऊ, कारण त्यात तीनच गोष्टी असतात: पांढरी रम २ औंस, लिंबाचा रस १ औंस, साखरेचं सिरप पाऊण औंस.

| | ३० ने | २९.५७ ने (अमेरिकी) | २८.४१ ने (ब्रिटिश) | २५ ने |
|---|---|---|---|---|
| रम | ६० | ५९.१ | ५६.८ | ५० |
| लिंबाचा रस | ३० | २९.६ | २८.४ | २५ |
| सिरप | २२.५ | २२.२ | २१.३ | १८.८ |
| एकूण मिली | ११२.५ | ११०.९ | १०६.५ | ९३.८ |

कोणताही उभा रकाना घ्या, लिंबू आणि सिरपाचं प्रमाण ४ ला ३ च येतं. म्हणजे चारही ग्लासांची चव एकच, फक्त ग्लास कमी-जास्त भरलेला. ३० आणि २९.५७ मधला फरक तर दीड टक्क्याच्या आतला. शेकरमध्ये बर्फ वितळून त्याच्या कितीतरी पट पाणी पेयात उतरतं, तिथे अर्धा मिली कोण मोजतो?

म्हणून २९.५७ चा हट्ट मी सोडून द्यायला सांगेन. ५९.१ मिली मोजायला घरात काही साधन नसतं, मग माणूस अंदाजाने ओततो आणि अचूक आकड्याचा सगळा फायदा तिथेच संपतो. ३० चा फायदा उलट रोजचा आहे. आपला स्मॉल पेग ३० चा, लार्ज ६० चा, क्वार्टर १८० ची, म्हणजे बरोब्बर सहा औंस. ७५० च्या खंब्यात पंचवीस औंस बसतात. पाहुणे किती आणि बाटल्या किती आणायच्या हा हिशोब कागद न घेता तोंडी होतो.

२५ चा आकडा मात्र औंसाचा नाहीच. ब्रिटनमध्ये जिन, रम, व्होडका, व्हिस्की पबात सुटी विकताना २५ किंवा ३५ मिलीच्या मापाने द्यायची असा कायदा आहे, त्यातून तो आलाय. ब्रिटिश रेसिपीत ‘सिंगल’ असं लिहिलं असेल तर २५ धरा. औंस लिहिलं असेल तर नको. आणि अमेरिकी रेसिपीत ‘जिगर’ म्हटलं असेल तर तो साधारण दीड औंस, म्हणजे ४५ मिली. त्याला ३० समजलात तर रम पाऊणही न राहता थेट दोन तृतीयांशावर येईल आणि लिंबू डोक्यावर बसेल.

आता खरी गडबड कुठे होते ते बघा. पूर्ण औंसात ती होत नाही, पाव-अर्ध्या-पाऊण औंसात होते. पाऊण औंस म्हणजे २२.५ मिली, आणि मेजरवर ती रेघ नसते. मग कुणी २० टाकतं, कुणी २५. वरच्या डाकिरीत सिरप २० झालं तर लिंबू-सिरप ३ ला २ होतं आणि पेय दात आंबवतं. २५ झालं तर ६ ला ५, आणि सरबत प्यायल्यासारखं वाटतं. अडीच मिली इकडेतिकडे, पण ते रममध्ये झालं असतं तर कळलंही नसतं. सिरप आणि लिंबू हे कमी मापाचे आणि जास्त बोलणारे घटक, त्यांच्यात लगेच कळतं. दोन्ही पाऊण-पाऊण औंस असतील तर दोन्हींना २० करा किंवा दोन्हींना २५. एकाला खाली आणि दुसऱ्याला वर ढकलू नका.

अर्धा औंस मोजताना तर डोळाच फसवतो. पेग मेजर खाली निमुळतं, वर पसरट. त्यात निम्म्या उंचीपर्यंत भरलं की १५ मिली झालं असं वाटतं, पण तसं होत नाही. अगदी टोकदार शंकू असेल तर निम्म्या उंचीपर्यंत त्यात फक्त आठवा भाग मावतो. आपल्या मेजरला खाली थोडा सपाट तळ असतो म्हणून इतकं वाईट होत नाही, तरी निम्म्या उंचीला निम्म्यापेक्षा बरंच कमीच भरतं. टोकदार शंकूत निम्मं माप जवळजवळ चार पंचमांश उंचीवर येतं. अंदाजानेच ओतायचं असेल तर काठाच्या जरा खाली थांबा, मध्यावर नाही. आणि ३० चं पूर्ण माप बहुतेक मेजरांत अगदी काठाला असतं. सांडू नये म्हणून वर बोटभर जागा सोडली तर पसरट भागातलीच दारू कमी होते, आणि तिथे बोटभर म्हणजे बरीच होते.

यावर साधन कोणतं? तीन गोष्टी घरात आणता येतात. बेकिंगचे मोजमापाचे चमचे, मेडिकलमधली सुईशिवायची १० मिलीची सिरिंज, आणि डिजिटल काटा.

मी चमच्यांच्या बाजूचा. त्याचं कारण औंसातच आहे: अमेरिकी औंसाचे बरोबर दोन टेबलस्पून होतात, आणि बरोबर सहा टीस्पून. पाव औंस म्हणजे दीड टीस्पून, अर्धा औंस म्हणजे एक टेबलस्पून, पाऊण औंस म्हणजे एक टेबलस्पून आणि दीड टीस्पून. मिलीत आणलंच नाही तरी काम होतं. फक्त हे चमचे १५ आणि ५ मिली छापलेले हवेत. पोह्यांचा किंवा चहाचा घरातला चमचा नको, त्यात प्रत्येक घराचं माप वेगळं. ऑस्ट्रेलियन रेसिपी असेल तर टेबलस्पून २० मिलीचा असतो, तेवढं लक्षात ठेवा.

सिरिंज स्वस्त, पोवई नाक्यावर उतरलात तरी मिळेल, आणि लिंबाच्या रसाला झकास. घट्ट सिरपात तिचा दट्ट्या चिकटायला लागतो, आणि दहा जणांसाठी करताना हात दुखतो. एका ग्लासापुरती मात्र तिच्याइतकी अचूक गोष्ट नाही.

काट्यावर मिली आणि ग्रॅम एकच समजण्याचा मोह होतो. लिंबाच्या रसाला ते जवळपास चालतं. पण ३० मिली रम साधारण साडेअठ्ठावीस ग्रॅम भरते, साखर-पाणी सारख्या वजनाने केलेलं सिरप ३७ ग्रॅमच्या आसपास, आणि मध ४२ च्या वर. मधाची ‘१ औंस’ची रेसिपी काट्यावर ३० ग्रॅमने केली तर गोडवा एक तृतीयांशाच्या जवळपास कमी पडतो. त्यामुळे एका पेयासाठी काटा नकोच. मोठ्या पातेल्यात पंच करायचा असेल आणि सगळं वजनानेच लिहून ठेवायची तयारी असेल, तर तो चांगला.

काटा हाताशी हवाच असतो तो दुसऱ्या कामासाठी. रेसिपीत ‘८ औंस स्ट्रॉबेरी’ लिहिलं असेल तर तो वजनाचा औंस आहे, २८.३५ ग्रॅमचा. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी त्या हिशोबाने २२७ ग्रॅम घ्यायची, पाव किलोला जरा कमी. तिला २४० मिली समजून मापात दाबून भरू नका. ओघळतं ते मिलीत, तुकड्यातलं ते ग्रॅममध्ये, एवढं धरून चाललं की बहुतेक वेळा बरोबर येतं.

मॉकटेल करणाऱ्यांसाठी एक जादा सूचना. स्ट्रॉबेरीचा ताजा गर सांगितला असेल आणि तुम्ही बाटलीतलं क्रश वापरणार असाल तर मापाचं रूपांतर बरोबर असूनही पेय गोडमिट्ट होईल, कारण क्रशमध्ये साखर आधीच भरपूर. ‘२ औंस गर, पाऊण औंस लिंबू, पाऊण औंस सिरप, ४ औंस सोडा’ अशी रेसिपी असेल तर मी क्रश ३० मिली, लिंबू २२.५, सोडा १२० घेतो आणि सिरप काढून टाकतो. चाखून मग हवं तर वाढवतो. तसंच सिरपाच्या जागी लाडवाला करतो तो एकतारी पाक ओतू नका. त्यात साखर कितीतरी दाट असते. साखर आणि पाणी सारखं घ्या, साखर विरघळली की गॅस बंद.

लिंबाचाही एक पेच आहे. परदेशी रेसिपी ‘एका लाइमचा रस’ म्हणते तेव्हा तिच्या मनात तिकडचं मोठं, बिया नसलेलं लिंबू असतं, ज्यातून साधारण एक औंस रस निघतो. मंडईतलं आपलं कागदी लिंबू लहान. दीड-दोन पिळल्याशिवाय ३० मिली होत नाही. म्हणून लिंबं मोजू नका, रस मोजा.

आता ३० कुठे दगा देतो ते. ब्रिटिश आणि अमेरिकी औंसातला चार टक्क्यांचा फरक एका ग्लासात कळत नाही, पण पाइंट आला की कळतो. अमेरिकी पाइंट १६ औंसांचा, ४७३ मिली. ब्रिटिश पाइंट २० औंसांचा, ५६८ मिली. समजा ब्रिटिश पंचची रेसिपी आहे: १० औंस लिंबाचा रस आणि १ पाइंट थंड चहा. प्रमाण १ ला २. तुम्ही रस ३० ने केलात, ३०० मिली. पाइंट शोधला तर स्क्रीनवर अमेरिकी ४७३ आला आणि तोच ओतलात. झालं, १ ला दीडच्या आसपास, आणि पातेलंभर पंच आंबट. तो दुरुस्त करायला आणखी साखर ओतली की मग तो गोडही होतो आणि आंबटही राहतो.

उपाय सोपा आहे. पाइंट वेगळा शोधूच नका, त्यातले औंस मोजा आणि ३० ने गुणा. ब्रिटिश असेल तर २० गुणिले ३०, म्हणजे ६००. अमेरिकी असेल तर १६ गुणिले ३०, म्हणजे ४८०. खरा आकडा ५६८ आहे हे खरं, पण रसही थोडा जास्तच घेतलाय, त्यामुळे १ ला २ टिकतं. रेसिपी कुठली ते ओळखायचं असेल तर स्पेलिंग आणि मापं बघा. ‘कप’ सर्रास असतील तर बहुधा अमेरिकी, आणि ‘जिल’ लिहिलं असेल तर बहुधा जुनी ब्रिटिश. जिल म्हणजे तिथे पाच औंस, आपल्या हिशोबाने १५०.