पिशवी सीलबंद, बिल पूर्ण, डबा मात्र एक कमी

ऑर्डर तीन पदार्थांची होती. पिशवीला सील होतं, वर चिकटवलेल्या बिलात तिन्ही नावं छापलेली होती, आणि आत डबे निघाले दोनच. नेमका सगळ्यात महागाचा गायब. डिलिव्हरीवाल्याला बोलण्यात अर्थ नसतो. त्याच्या हातात बंद पिशवी येते, ती उघडून बघणं त्याच्या हातात नाही.

रेस्टॉरंटला फोन केला. पलीकडचा माणूस अगदी गोड बोलला. "सॉरी, गडबडीत राहून गेलं. अर्ध्या तासात पाठवतो. फक्त अ‍ॅपवर कम्प्लेंट टाकू नका, आमचं रेटिंग खाली जातं." डबा काही आला नाही, आणि पुन्हा फोन लावला तर कुणी उचलेना. पदार्थ राहून जाणं ही चूक म्हणता येईल. पण कम्प्लेंट करू नका म्हणून थांबवून ठेवणं ही सरळ फसवणूक आहे. कारण पदार्थ मिळाला नाही, अशी तक्रार बहुतेक अ‍ॅपवर डिलिव्हरीनंतर थोडाच वेळ घेतात. ती मुदत टळली की फोनवरच्या शब्दाचा काही उपयोग नाही, त्याची अ‍ॅपकडे नोंदच नसते.

माझ्या हातात वेळ शिल्लक होता. ऑर्डर उघडून हेल्पमध्ये गेलो आणि न आलेल्या त्या एकाच पदार्थावर टिक केली. रागाच्या भरात अख्खी ऑर्डर निवडू नका. फोटोत दोन डबे दिसतात आणि दावा तिन्हींचा असतो, मग तक्रार फेटाळायला त्यांना आयतं कारण मिळतं. फोटो जेवायला बसण्याआधीच काढा: पिशवी, बिल आणि आलेले सगळे डबे एकाच फोटोत, बिलावरचा ऑर्डर नंबर वाचता येईल असा. भलताच पदार्थ आला असेल तर झाकण उघडून आतलाही एक फोटो घ्या.

पुढची मेख रिफंडच्या पर्यायांत असते. "लगेच मिळेल" म्हणून वॉलेटमधली क्रेडिट पुढे करतात. ती त्याच अ‍ॅपवर खर्चावी लागते, आणि बऱ्याचदा तिला मुदतही असते. मी चॅटवर स्पष्ट लिहिलं, "ज्या खात्यातून पैसे गेले, त्याच खात्यात परत हवेत." त्याला काही दिवस लागतात, पण पैसे आपले राहतात. त्या चॅटचा स्क्रीनशॉट ठेवा. आणि घाई आहे म्हणून कस्टमर केअरचा नंबर नेटवर शोधू नका, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. रिफंडसाठी कुणी ओटीपी किंवा पिन मागितला तर फोन ठेवून द्या.

रक्कम मेन्यूतल्या किमतीपेक्षा कमी दिसली तर आधी बिल बघा. पूर्ण ऑर्डरवर कूपन लावलेलं असेल, तर त्या पदार्थाच्या वाट्याची सवलत वजा करूनच पैसे येतात. मात्र त्या पदार्थावरचा कर परत आला नसेल, तर त्याच चॅटमध्ये पुन्हा मागा.