‘रामकुंडापासून पाच मिनिटांवर, गाडी थेट दारात’ : सिंहस्थाच्या बुकिंगमधली फसवणूक

सिंहस्थाच्या तारखा जाहीर झाल्या आणि पंचवटीतल्या खोल्यांच्या जाहिराती मोबाइलवर फिरायला लागल्या. पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 ला, सोमवती अमावास्येला. दुसरं 31 ऑगस्टला. तिसरं नाशिकला 11 सप्टेंबरला आणि त्र्यंबकला 12 सप्टेंबरला. ‘11 तारखेला दोन्हीकडे तिसरं स्नान’ असं छापलेलं पॅकेज दिसलं, तर विकणाऱ्याने तारखाही धड पाहिलेल्या नाहीत हे तिथेच कळतं. पण सगळे भामटे इतके ढिसाळ नसतात. खाली दिलेल्या व्यवहारात तारखा बरोबर होत्या, हॉटेलचं नाव खरं होतं, फोटोही त्याच हॉटेलचे होते.

जळगावच्या एका कुटुंबाला पहिल्या पर्वणीसाठी दोन खोल्या हव्या होत्या, 1 आणि 2 ऑगस्टच्या रात्रीसाठी. मोबाइलच्या नकाशावर पंचवटीतल्या मालेगाव स्टँडजवळचं एक हॉटेल सापडलं. तिथे दिलेल्या नंबरवर फोन केला, तर पलीकडचा माणूस अगदी सराईत. खोलीला रात्रीचे 7,500, म्हणजे एकूण 30,000. निम्मे आगाऊ, कारण ‘शेवटच्या दोनच खोल्या उरल्यात’. 15,000 गेले. दोन दिवसांनी चौघांच्या ‘घाट पास’चे 2,000 आणि ‘पोलीस व्हेरिफिकेशन डिपॉझिट’ म्हणून 4,000 मागितले, हे डिपॉझिट परत मिळेल असं सांगून. तेही गेले. एकूण 21,000. पुढे इंदिरानगरला राहणारा त्यांचा मामेभाऊ सहज हॉटेलवर डोकावला, तेव्हा मॅनेजरने रजिस्टर उघडून दाखवलं. 2027 चं एकही बुकिंग त्यांनी अजून घेतलेलं नव्हतं, आणि पावतीवरचा नंबर त्यांचा नव्हताच.

नकाशावरच्या नोंदीत फोन नंबर बदलण्याची सूचना कोणीही पाठवू शकतो. मालकाने त्या नोंदीवर आपला हक्क नोंदवलेला नसेल किंवा तिकडे लक्ष नसेल, तर चुकीचा नंबर बरेच दिवस तसाच राहतो. पंचवटीतल्या जुन्या लॉज आणि धर्मशाळांचं बहुतेक असंच असतं. त्यामुळे नकाशावर नंबर आहे, एवढ्यावरून तो खरा ठरत नाही.

पावती मात्र नीट वाचली असती तर बोलली असती. तिच्यावर जीएसटी क्रमांक होता आणि त्याची सुरुवात 24 ने होत होती. पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे 27, तर 24 गुजरातचे. नाशिकमधल्या खोलीच्या भाड्यावर नाशिकच्या हॉटेलचा 27 नेच सुरू होणारा क्रमांक हवा. पंधरा अक्षरी क्रमांक gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते फुकटात दिसतं. लहान धर्मशाळेकडे हा क्रमांक नसणं मात्र संशयाचं कारण नाही. दुसरी खूण पैसे देताना दिसते. यूपीआयचा पिन टाकण्याआधी घेणाऱ्याचं नाव पडद्यावर येतं. इथे हॉटेलऐवजी एका माणसाचं नाव आलं होतं. ‘मालकाच्या मुलाचं खातं आहे’ हे उत्तर तयारच होतं.

पण खरी गोम जाहिरातीच्या शब्दांतच होती. ‘गाडी थेट दारात लावा’ म्हणे! 2015 च्या पर्वण्यांना बाहेरगावच्या खासगी गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर अडवल्या होत्या. धुळ्याकडून येणाऱ्या आडगावला, मुंबईकडच्या राजूर बहुल्याला, त्र्यंबकला जाणाऱ्या खंबाळ्याला. तिथून एसटीने आतल्या थांब्यापर्यंत आणि पुढे पायी. पहिल्या पर्वणीला बंदोबस्त इतका कडक होता की त्यावर टीका झाली आणि नंतर थोडी ढील दिली गेली. तरी 27 ऑगस्ट 2003 ला रामकुंडाजवळच्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरीत 39 जण गेले, हे नाशिकमधलं कोणतंही प्रशासन विसरणार नाही. त्यामुळे पर्वणीच्या दिवशी पंचवटीच्या गल्लीत गाडी नेण्याची हमी खुद्द हॉटेलमालकही देऊ शकत नाही, मग दलाल कुठून देणार?

‘घाट पास’चंही तेच. पर्वणीला रामकुंडावर आधी आखाडे आपापल्या क्रमाने स्नान करतात. सामान्य भाविकांना त्या वेळी खालच्या अंगाच्या घाटांवर वळवतात आणि आखाडे उठल्यावर रामकुंड मोकळं होतं. आखाड्यांच्या वेळेत शिरण्याचा पास हॉटेलच्या काउंटरवर विकत मिळत नाही.

म्हणून खोली शोधताना ‘रामकुंडापासून किती मिनिटं’ यापेक्षा ‘आपण कोणत्या दिशेने येणार’ हा प्रश्न आधी सोडवा. रेल्वेने येणाऱ्याला नाशिकरोडला उतरून पंचवटी गाठायला नऊ-दहा किलोमीटर पडतात. त्याच्यासाठी नाशिकरोडलाच मुक्काम आणि जवळच्या दसक घाटावर स्नान सोपं. जळगाव-धुळ्याकडून येणाऱ्याने पिंपळगाव बसवंत किंवा चांदवडला राहावं. पुण्याकडून येणाऱ्याला सिन्नर बरं. त्र्यंबकलाच जायचं असेल तर नाशिक शहरात शिरायची गरज नाही. मुंबईकडून घोटीहून पहिनेमार्गे, पुण्याकडून सिन्नर-घोटी रस्त्याने तोच फाटा धरून जाता येतं. पालघरकडून जव्हार-मोखाडा रस्ता आहे. घाटरस्ता आणि ऑगस्टचा पाऊस-धुकं लक्षात घेऊन हे अंतर उजेडात काटा. पर्वणीच्या आदल्या दिवशी यातला कोणता रस्ता एकेरी होईल किंवा बंद राहील, हे पोलिसांच्या अधिसूचनेत येतं. ती वाचल्याशिवाय निघू नका. एकाच पर्वणीच्या दिवशी नाशिक आणि त्र्यंबक दोन्ही ‘करून देणारं’ पॅकेज घेऊ नका. अंतर जेमतेम तीस किलोमीटर असलं, तरी वाहनतळ, एसटीची रांग आणि पायपीट दोन्ही टोकांना आहे.

रेल्वेचं ‘कन्फर्म तिकीट’ आत्ताच विकणाऱ्याला तर एका वाक्यात उडवता येतं. रेल्वेचं आगाऊ आरक्षण प्रवासाचा दिवस सोडून 60 दिवस आधी उघडतं. सध्याच्या नियमाने 1 ऑगस्ट 2027 च्या गाडीचं आरक्षण 2 जूनला. त्याआधी दाखवलेला दहा अंकी पीएनआर खोटाच.

खोलीचे पैसे देण्याआधी नाशिकमधल्या ओळखीच्या माणसाला हॉटेलवर पाठवा. काउंटरवर उभं राहून त्याने फोन लावावा आणि पैसे त्याच्यासमोर द्यावेत. असा कोणी नसेल, तर रद्द करता येणारं बुकिंग घ्या आणि क्रेडिट कार्डाने भरा. कार्डाच्या व्यवहारावर बँकेकडे हरकत घेता येते. यूपीआयने स्वतः पिन टाकून दिलेल्या पैशांना अनधिकृत व्यवहाराचं संरक्षण लागू होत नाही.

पैसे गेलेच, तर आधी 1930 ला फोन, मग cybercrime.gov.in वर तक्रार. हाताशी व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ आणि घेणाऱ्याचा यूपीआय आयडी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून तासांचा हिशेब महत्त्वाचा. जळगावकरांना उशिरा कळल्यामुळे तो मार्ग जवळपास संपलाच होता.

त्यांनी त्या नंबरवर जाब विचारला, तेव्हा पलीकडून भांडण नाही, उलट माफी आली. ‘रिफंड पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका.’ घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो फक्त देण्यासाठी असतो. हे मामेभावाला ठाऊक होतं, म्हणून आकडा 21,000 वर थांबला.