दुःखात अडकलेल्या मैत्रिणीला समुपदेशन सुचवताना : थांबावे की बोलावे, आणि बोलायचे तर कसे

बेळगावच्या वडगावात राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीचे यजमान गेले, त्याला नऊ महिने होत आले होते. घरातल्या दोन मागांपैकी एकावर त्यांनी अर्धी विणलेली साडी तशीच ताणलेली होती, आणि ती पूर्ण करतो म्हणणाऱ्या दिराला तिने मागाच्या खोलीत पाऊलही टाकू दिले नव्हते. तिला समुपदेशनाबद्दल सांगावे असे मला वाटत होते, पण वर्षश्राद्ध होईपर्यंत थांबावे की आताच बोलावे, घरच्यांकरवी सांगावे की स्वतः, आणि शब्द कोणते वापरावेत, हे ठरेना. अशाच पेचात असलेल्या कोणासाठी या पर्यायांची तुलना करून पाहते.

पहिला प्रश्न काळाचा. आपल्याकडे वर्षभर घरात शोक पाळला जातो, त्यामुळे 'वर्ष होऊ दे, मग बघू' हा सल्ला रीतीला धरूनच असतो. वैद्यकीय निकषही याबाबत एकसारखे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचे २०२२ पासून लागू असलेले वर्गीकरण लांबलेल्या शोकाच्या विकारासाठी किमान सहा महिन्यांची मुदत धरते, तर अमेरिकन मानसोपचार संघटनेची त्याच वर्षीची नियमावली प्रौढांसाठी बारा महिन्यांची. व्यक्तीच्या समाजात जेवढा शोक अपेक्षित असतो त्यापलीकडे तो गेला आहे का, हेही दोन्ही ठिकाणी पाहिले जाते. मात्र या मुदती निदानासाठी आहेत. मदत सुचवण्यासाठी त्या पूर्ण व्हायलाच हव्यात असे नाही.

म्हणून महिन्यांपेक्षा बदल मोजणे मला अधिक योग्य वाटते. सर्वसाधारण शोक उमाळ्यांनी येतो आणि हळूहळू दोन उमाळ्यांमधले अंतर वाढत जाते. माणूस रडतो, पण मधल्या वेळात बाजारात जातो, एखाद्या गोष्टीवर हसतोही. शोक अडकतो तेव्हा हे अंतर वाढत नाही. मैत्रीण दर महिन्याला यजमानांच्या मोबाइलचे रिचार्ज करत होती, याची तिच्या नणंदेला फार काळजी वाटे. मला त्यात काही वावगे दिसले नाही, कारण आठवण जपणे म्हणजे अडकणे नव्हे. काळजीची गोष्ट वेगळी होती. ज्या रस्त्यावर यजमानांचा अपघात झाला तो टाळण्यासाठी तिने मुलीच्या शाळेत जाणेच सोडले होते, रोज रात्री तीनपर्यंत ती जागी असे, आणि 'मी आता कोण म्हणून जगू?' हे वाक्य तिच्या तोंडी तिसऱ्या महिन्यात जसे होते तसेच नवव्यातही होते. असे चित्र दिसत असेल तर वर्षश्राद्धाची वाट पाहण्यापेक्षा बोलणे बरे, असे माझे मत आहे.

एका परिस्थितीत तर थांबण्याचा पर्यायच उरत नाही. 'मीही त्यांच्याबरोबर गेले असते तर बरे झाले असते' असे ती म्हणाली, तर विषय न बदलता सरळ विचारावे, 'जीव द्यावा असे मनात येते का?' असे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट मनातले बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल तर तिला एकटी न सोडता, घरच्या विश्वासू माणसाला सोबत घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

दुसरा प्रश्न, सांगायचे कोणी? घरातल्या वडीलधाऱ्यांकरवी सांगणे सोपे वाटते, कारण त्यांचा शब्द मोडला जात नाही. अडचणही तीच आहे. सासूबाई किंवा थोरले दीर म्हणाले की ते सुचवणे राहत नाही, निकाल होतो, आणि 'हिचे डोके ठिकाणावर नाही' ही कुजबुज गल्लीत पोहोचायला वेळ लागत नाही. सुचवणारी मैत्रीण असेल तर तिला 'नको' म्हणता येते, आणि 'नको' म्हणता येणे हेच तिच्या सूचनेचे बळ आहे.

आता शब्दांकडे येते, कारण माझी चूक इथेच झाली. मी सुरुवातीला व्हॉट्सअ‍ॅपवर एका समुपदेशकांचा नंबर पाठवला आणि खाली लिहिले, 'तुला याची गरज आहे.' बारा दिवस तिचे उत्तर आले नाही. नंतर ती म्हणाली, 'मला वाटलं, तू पण कंटाळलीस मला. आणि मी काय खुळी झाले काय?' त्या मजकुरात माझे येणे नव्हते, ऐकणे नव्हते. होते ते फक्त तिला दुसऱ्याकडे सोपवणे.

दुसऱ्यांदा मी तिच्या घरी, मुलगी शिकवणीला गेलेली असताना बसले. आधी यजमानांबद्दल तिला बोलू दिले. मग मी जे पाहिले होते तेवढेच, निष्कर्ष न काढता सांगितले : 'तू तीनपर्यंत जागी असतेस असं तूच म्हणालीस. शाळेला जाणं बंद झालंय. हे सगळं तू एकटीनं ओढतेस, ते बघून मला लई काळजी वाटते. यावर कुणाशी बोलून बघावं असं कधी वाटलं काय?' ती गप्प राहिली. मी पुढे म्हटले, 'त्यांना विसर असं तिथं कुणी सांगणार नाही. पहिल्यांदा मी येते की गं तुझ्यासोबत, बाहेर बसते. नाही पटलं तर परत जायचं नाही.'

दोन्ही वेळा सूचना एकच होती. 'गरज आहे' या शब्दांत तिच्यातला दोष दिसतो, तर 'एकटीनं ओढतेस' यात तिच्यावरचा भार. 'किती दिवस असं चालणार?' आणि 'पोरीकडे बघून सावर' ही वाक्ये कितीही मायेने उच्चारली तरी तिचे दुःख मापाबाहेर गेल्याचेच सांगतात. विसरण्याबद्दलचे आश्वासन मात्र पोकळ नव्हते. लांबलेल्या शोकासाठी विकसित केलेल्या एका उपचारात सुमारे सोळा बैठका असतात. त्यात गेलेल्या माणसाबद्दल, अगदी मृत्यूच्या दिवसाबद्दलही, सविस्तर बोलायला लावतात आणि टाळलेल्या जागांकडे पायरीपायरीने नेतात. हाच उपचार आपल्या जवळ मिळेल असे नाही, पण समुपदेशकाला शोकावर काम करण्याचा अनुभव आहे का, हे विचारून घ्यावे.

कुठे जायचे, याची तुलना थोडक्यात करता येते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. घराबाहेर न पडता, ओळखीच्या कोणाला न दिसता बोलता येते, हे तिचे मोठे सोयीचे अंग. दूरध्वनीवर दर वेळी तीच व्यक्ती भेटेल याची खात्री मात्र नसते, म्हणून ती पहिली पायरी मानावी. प्रत्यक्ष बैठकींसाठी बेळगावातील मानसोपचार विभाग किंवा खासगी समुपदेशक, आणि झोप, जेवण, कामधाम सगळेच कोलमडले असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, कारण शोकासोबत नैराश्यही असेल तर औषध लागू शकते. सीमाभागात एक गोष्ट अधिक पाहावी लागते. व्यवहारापुरती कानडी येणे वेगळे आणि नवरा गेला ती रात्र कानडीत सांगणे वेगळे. निपाणी-खानापूरकडच्या कोणासाठीही फोन करताना, भेट ठरवताना, 'मराठीत बोलता येईल ना?' हा प्रश्न आधी विचारावा.

माझी मैत्रीण त्या दिवशीही 'बघू' एवढेच म्हणाली. मी क्रमांक तिच्या दुधाच्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिला, पुन्हा विषय काढला नाही, पण दर गुरुवारी पूर्वीसारखी जात राहिले. पाचव्या गुरुवारी तिनेच वही पुढे केली आणि म्हणाली, 'फोन तू लाव. मराठीत बोलायचं म्हणून तूच सांग आधी.'