एकदम पूर्ण मंजुरी मागावी की आधी छोटा पायलट?

कामाची पद्धत बदलण्याचा प्रस्ताव वर न्यायचा असेल तर दोन वाटा असतात. समस्या, फायदा, खर्च, वेळापत्रक सगळं बांधून संपूर्ण विभागासाठी एकदम मंजुरी मागायची, किंवा समस्या आणि अपेक्षित फायदा एका पानात मांडून फक्त एका ठिकाणी, चार आठवडे करून बघण्याची परवानगी मागायची. मी दोन्ही वापरल्या आहेत. माझा कल दुसरीकडे आहे, पण पहिली सरसकट मोडीत काढावी असंही नाही.

उदाहरण म्हणून पुरवठादारांची बिलं घेऊ. समजा, महिन्याला 400 बिलं येतात आणि त्यातली 60 अकाउंट्समधून परत फिरतात, कारण पीओ नंबर, म्हणजे खरेदी ऑर्डरचा क्रमांक नसतो, जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद जोडलेली नसते किंवा मालाचं प्रमाण जुळत नाही. प्रत्येक परतीमागे फोन, मेल, पुन्हा नोंद मिळून 25 मिनिटं जातात, आणि पैसे साधारण 9 दिवस उशिरा सुटतात. उपाय साधा आहे: स्टोअरच्या खिडकीवर बिल घेतानाच या तीन गोष्टी तपासायच्या आणि कमी असेल ते तिथल्या तिथे सांगायचं.

पूर्ण मंजुरीच्या प्रस्तावात फायदा असा लिहिला जातो: 60 गुणिले 25 मिनिटं, म्हणजे महिन्याला 25 तासांची बचत. आकडा भरभक्कम दिसतो आणि तिथेच घोटाळा होतो. मीटिंगमध्ये फायनान्सचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, तपासायला वेळ लागणार नाही का? लागणारच. बिलामागे 2 मिनिटं धरली तरी 400 बिलांची 800 मिनिटं झाली. शिवाय 60 च्या 60 चुका खिडकीवर सापडणार नाहीत. 40 सापडल्या तर वाचली 1000 मिनिटं. हिशेबात उरली 200 मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. प्रस्तावात 25 तास आणि खोलीत साडेतीनही नाहीत, म्हटल्यावर विश्वास जातो तो त्या आकड्यापुरता जात नाही.

मला पहिल्या वाटेचा सगळ्यात जास्त जाच झाला तो इथे. चर्चा समस्येवरून घसरते आणि गृहीतकांवर अडकते. 2 मिनिटं कशावरून? 40 च कशावरून? प्रस्ताव ‘आकडे पक्के करून आणा’ म्हणून परत येतो, पुढच्या खेपेला नवीन एक्सेल, नवीन प्रश्न. खरं तर ते आकडे टेबलावर बसून पक्के होणारच नसतात. काम करून बघितल्याशिवाय कोणालाच ते माहीत नसतात. माझ्या अनुभवात प्रस्ताव नाकारला जाण्यापेक्षा असा लटकून राहण्याचं प्रमाण कितीतरी जास्त आहे.

पायलट मागताना हाच अंदाज लिहायचा, पण अंदाज म्हणूनच. वेळेची बचत किरकोळ आहे हे आधीच सांगून टाकावं आणि खऱ्या फायद्याकडे वळावं: अंदाजे 40 बिलांचे पैसे 9 दिवस आधी सुटतील आणि पुरवठादारांचे ‘पेमेंट कुठे अडकलं’ हे फोन कमी होतील. मॅनेजमेंटला तासांपेक्षा हे जास्त कळतं, असं मला वाटतं.

या हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली असते, ती पूर्ण प्रस्तावात सहसा निसटते. वाचणारा वेळ अकाउंट्सचा आहे आणि वाढणारं काम स्टोअरचं. महिन्याला तेरा-साडेतेरा तास स्टोअरवर पडणार आणि कौतुक अकाउंट्सचं होणार. स्टोअरप्रमुखाला हे मीटिंगमध्ये पहिल्यांदा कळलं तर तो विरोधच करणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून पायलटची टिपणी वर जाण्याआधी त्याच्याशी बसून ठरवावं: एकच खिडकी, चार आठवडे, त्या काळात तिथलं कोणतं काम हलकं करायचं, आणि थांबायचं कधी. उदाहरणार्थ, कुठल्याही आठवड्यात तपासणीचा सरासरी वेळ बिलामागे 4 मिनिटांच्या वर गेला की पायलट बंद. थांबण्याची अट कागदावर असली की होकार सोपा होतो.

पायलटही फसतो, आणि फसतो तो बहुधा मोजणीत. खिडकीवरून परत पाठवलेलं बिल इनवर्ड रजिस्टरमध्ये चढवलंच नाही, तर अकाउंट्सच्या परती झपाट्याने कमी झालेल्या दिसतात आणि पुरवठादार मात्र पूर्वीइतकाच ताटकळत असतो. यावर इलाज एकच. बिल पहिल्यांदा खिडकीवर आलं त्या तारखेचा शिक्का मारायचा, मग ते स्वीकारलं असो वा नसो, आणि दिवस त्या शिक्क्यापासून पैसे सुटेपर्यंत मोजायचे. परती मोजताना खिडकीवरच्या आणि अकाउंट्समधल्या वेगवेगळ्या लिहायच्या.

तुलनेसाठीचा आधीचा आकडाही आठवणीतून घेऊ नये. त्याच खिडकीची आधीच्या तीन महिन्यांची नोंद काढावी. फक्त सगळ्यात वाईट महिना घेतला तर काहीही न करता पुढचा महिना बरा दिसतो आणि श्रेय नव्या पद्धतीला जातं. खिडकीही सगळ्यात उत्साही लोकांची निवडू नये, नाहीतर ‘ती माणसंच चांगली आहेत’ हा शेरा ठरलेला. पायलटच्या चार आठवड्यांत महिनाअखेरची गर्दी यायलाच हवी, कारण तपासणी गळून पडते ती त्याच दिवसांत.

यशाची रेषा सुरू करण्याआधी आखावी. त्या खिडकीवर चार आठवड्यांत 100 बिलं येत असतील आणि आजवर त्यातली 15 अकाउंट्समधून परत फिरत असतील, तर ‘5 किंवा कमी’ ही रेषा बरी. 15 ची 11 झाली तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो, एवढ्या लहान नमुन्यावर त्याचा डंका पिटू नये. अशा वेळी आणखी चार आठवडे मागावेत.

पूर्ण मंजुरीची वाट कधी धरावी? बदल तुकड्यांत करताच येत नसेल तेव्हा. अर्धी बिलं जुन्या प्रणालीत आणि अर्धी नव्या प्रणालीत गेली तर हिशेब दोन ठिकाणी ठेवावे लागतात आणि पायलटचाच त्रास मूळ समस्येपेक्षा मोठा होतो. कायद्याने किंवा सुरक्षिततेसाठी सगळीकडे एकदम लागू करावं लागणारं काहीही याच गटातलं. तिथे पायलट मागणं म्हणजे वेळ काढणं आहे. बाकी बहुतेक ठिकाणी, म्हणजे फॉर्म, तपासणी, सह्यांचा क्रम, कामाची वाटणी बदलायची असेल तर मी पायलटच मागेन.

त्याची एक उणीव मात्र मान्य करायला हवी. चार आठवडे संपतात, आकडे चांगले येतात आणि निर्णय कोणीच घेत नाही. एक खिडकी नव्या पद्धतीने, बाकीच्या जुन्या, असं महिनोन्‌महिने चालू राहतं. म्हणून परवानगीच्या त्याच कागदावर शेवटच्या ओळीत निर्णयाच्या बैठकीची तारीख, निर्णय घेणाऱ्याचं नाव आणि तीनच पर्याय लिहून सही घ्यावी: सगळ्या खिडक्यांवर लागू, चार आठवडे वाढ, किंवा बंद करून जुनी पद्धत सुरू. वाढ एकदाच मिळेल, हेही तिथेच लिहावं.